रंग बदलायचा, बॅग नाही

ताई, धारावीत आमचं बॅगांचं युनिट आहे. २८ लिटरची एक कॉलेज बॅग सहा रंगांत कॅटलॉगला टाकायची आहे. नमुना फक्त फिक्या करड्या रंगात शिवून झालाय, म्हणून बाकीचे रंग एआयवर बनवून घेतोय. पण प्रत्येक रंगात बॅग थोडी वेगळीच येते. कधी रनर सरकतो, कधी पुढच्या खिशाची गोलाई बदलते, शिलाई तर दर वेळी नवीनच. सीड एकच ठेवला, प्रॉम्प्टमध्ये ‘same bag, same stitching’ लिहून पाहिलं. सहा रंगांत एकच बॅग कशी दिसेल?

सहा बॅगा जनरेट करणं आधी थांबवा. तुमच्याकडे खरा नमुना आहे, म्हणजे निम्मं काम झालंय. त्याचा एकदाच, नीट फोटो काढा आणि त्या एकाच फोटोतल्या कापडाचा रंग सहा वेळा बदला. एआयला मागची पार्श्वभूमी द्या, प्रसंग द्या, वाटलं तर बॅग पाठीवर घेतलेली कॉलेजची मुलगी द्या. बॅगेच्या पिक्सेलना मात्र त्याचा हात लागू देऊ नका. मी अठरा वर्षं लोअर परळच्या एका गाळ्यात प्रॉडक्ट फोटो काढते आहे, आणि हे शहाणपण मलाही ठेच लागूनच आलंय. दोनेक वर्षांपूर्वी एका बॅगेचे पाच रंग मी झटपट जनरेट करून दिले होते. मरून रंगात खालच्या खिशाच्या चेनला दोन रनर आले होते, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं. घाऊक व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटलं नाही. ‘यातला खरा माल कुठला?’ असं विचारून त्याने ऑर्डर अडवून ठेवली. त्याचं काही चुकलं नव्हतं.

सीड एकच ठेवूनही बॅग का बदलते, ते आधी सांगते. ते कळलं नाही तर तुम्ही प्रॉम्प्टच्या शब्दांशी आणखी महिनाभर झटापट करत बसाल. ही मॉडेल निव्वळ गोंगाटापासून, म्हणजे टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तशा चित्रापासून सुरुवात करतात आणि पायरी-पायरीने तो गोंगाट काढत जातात. सीडने फक्त सुरुवातीच्या मुंग्या ठरतात. पुढच्या प्रत्येक पायरीवर कुठे वळायचं ते प्रॉम्प्ट सांगतो. ‘navy’च्या जागी ‘mustard’ लिहिलंत की पहिल्याच पायरीपासून वाट वेगळी होते. आणि नेमक्या त्या पहिल्या पायऱ्यांतच चित्रातल्या मोठ्या गोष्टी ठरतात: बॅगेची बाह्यरेषा, खिसा कुठे, आणि रंग कुठला. आकार आणि रंग एकाच वेळी, एकाच ठिकाणी ठरत असल्यामुळे एक हलवला की दुसराही हलतो.

म्हणूनच खऱ्या फोटोवरून चित्र बनवण्याच्या पद्धतीतही तुम्ही कोंडीत सापडता. तिथे `denoising strength` नावाचा एक आकडा असतो, ०पासून १पर्यंत. तो ०.२ ठेवलात तर बॅग जागच्या जागी राहते, पण करड्याची मोहरी होत नाही, फार तर मळकट पिवळट झाक येते. ०.७ केलात तर झकास मोहरी रंग येतो आणि सोबत नवीन बॅगही येते. मधला कुठला तरी जादूचा आकडा सापडेल म्हणून लोक ०.४५, ०.५, ०.५५ असे रात्रभर चाळत बसतात. तो सापडत नाही. कंट्रोलनेट जोडून कडांचा किंवा खोलीचा नकाशा दिलात तर बाह्यरेषा, खिसे, पट्ट्या पुष्कळ आवरात राहतात, हे खरं आहे. शिलाई तरीही राहत नाही, आणि त्याचं कारण निराळं आहे.

ते कारण साध्या हिशोबात दिसतं. तुमची बॅग सुमारे ४६ सेंटिमीटर उंच असेल. १०२४ पिक्सेलच्या चित्रात ती साधारण ९०० पिक्सेल व्यापते, म्हणजे एका मिलिमीटरला दोन पिक्सेल. बॅगेवर इंचाला आठ टाके धरले तर एक टाका ३.२ मिलिमीटरचा, म्हणजे सहा पिक्सेल लांब. धागा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम एक पिक्सेल जाड. आता स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल चित्रावर थेट काम करत नाहीत. ती चित्र आधी आक्रसून घेतात आणि ८ बाय ८ पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनाचा एक खण करतात. जुन्या मॉडेलांत त्या खणात फक्त चार आकडे मावतात, अलीकडच्या काहींत सोळा. तुमचा अख्खा टाका, त्याच्या दोन्ही टोकांची भोकं, शेजारच्या कापडाची वीण, हे सगळं मिळून एका खणात जातं. चित्र पुन्हा मोठं करताना मॉडेल त्या खणातून ‘इथे शिलाई होती’ एवढंच ओळखतं आणि साधारण शिलाईसारखं काहीतरी काढतं. तुमच्या कारागिराने मारलेले टाके तोवर हरवलेले असतात.

पटत नसेल तर करून बघा. कम्फीयूआय वापरत असाल तर फोटो चित्र आक्रसणाऱ्या `VAE Encode`मधून घालून लगेच ते पुन्हा मोठं करणाऱ्या `VAE Decode`मधून बाहेर काढा. मध्ये काहीही जनरेट करायचं नाही, प्रॉम्प्टही नाही. मग पट्टा जिथे बॅगेला शिवलेला असतो तो चौकोन आणि त्यातली फुली मोठी करून बघा. मूळ फोटोत चौकोनाच्या एका बाजूला सात टाके असतील तर बाहेर आलेल्या चित्रात ते कुठे पाच दिसतील, कुठे एकमेकांत मिसळून नुसती रेघ होईल. रंग बदलायला सांगण्याआधीच शिलाई गेलेली असते. ‘same stitching’ कितीही वेळा लिहिलंत तरी जी माहिती खणात शिरलीच नाही, ती शब्दांनी परत येत नाही.

म्हणून शिलाई फोटोतूनच यायला हवी. आता तो फोटो कसा काढायचा ते बघू.

नमुना फिक्या करड्या रंगात शिवलात हे नकळत फार चांगलं झालं. बहुतेक जण काळा नमुना घेऊन येतात, आणि काळ्यावरून मोहरी करणं म्हणजे कोळशावर हळद लावणं. काळं कापड स्वतः फारच थोडा प्रकाश परत पाठवतं. काळ्या बॅगेत आपल्याला दिसते ती मुख्यतः वरची चकाकी. तिला पिवळा रंग दिला की बॅग रेक्झिनची वाटते. पांढऱ्या नमुन्यात उलटी अडचण, उजेडाची बाजू पूर्ण पांढरी होऊन वीण पुसली जाते. फिक्या करड्यात वीण, सुरकुती, टाक्याचं भोक सगळं शाबूत राहतं.

जमलं तर कारागिराला आणखी एक नमुना शिवायला सांगा. कापड तेच करडं, पण धागा फिका निळा. सहापैकी ज्या रंगांत तुम्ही उठून दिसणारी शिलाई देणार आहात, उदाहरणार्थ नेव्हीवर नारिंगी धागा, त्यासाठी धागा कापडापासून वेगळा निवडावा लागतो. करड्यावर करडा धागा हाताने निवडायला बसलात तर दोन दिवस जातील. निळसर धागा फोटोशॉपच्या `Color Range`ने दहा मिनिटांत निवडला जातो. भडक निळा मात्र नको. भडक धाग्यात लाल रंगाची माहिती जवळजवळ शून्य असते, आणि त्यावरून नारिंगी करायला गेलात की धाग्यावर दाणे उमटतात.

फोटो मोठा हवा. बॅगेची उंची ५००० पिक्सेलपर्यंत आली की एका मिलिमीटरला जवळपास अकरा पिक्सेल मिळतात आणि अर्ध्या मिलिमीटरचा धागा पाच पिक्सेल जाड दिसतो. कॅटलॉगला तुम्ही चित्र शेवटी लहान करालच, पण निवड आणि रंग मोठ्या फोटोवर करा, लहान सगळ्यात शेवटी करा. बॅगेत वर्तमानपत्र कोंबून आकार देतात, ते पावसाळ्यात ओलसर होऊन अर्ध्या तासात बसतं आणि खिसा हळूच आत जातो. मी जुन्या फोमचे तुकडे भरते आणि भरल्यावर पाच मिनिटं बॅगेला हात लावत नाही. आमचा गाळा रुळांना लागून आहे, त्यामुळे लोकल जाऊन ट्रायपॉड शांत होईपर्यंतही थांबावं लागतं. ही थट्टा नाही. पुढे दोन फोटो एकमेकांवर तंतोतंत बसवायचे आहेत.

दोन फोटो कशासाठी? बॅगेवरून डोळ्याला येणारा प्रकाश दोन प्रकारचा असतो. एक कापडाच्या आत शिरून, रंग घेऊन बाहेर येतो. दुसरा पृष्ठभागावरूनच परततो, ती चकाकी, आणि तिला दिव्याचाच रंग असतो. कापड रंगवलं की पहिला बदलतो, दुसरा बदलत नाही. नेव्ही बॅगेच्या खांद्यावरची चमक निळी दिसत नाही, पांढुरकीच दिसते. सगळ्या फोटोवर सरसकट निळा चढवला तर ती चमक विझते आणि बॅग कापून चिकटवलेल्या कागदासारखी दिसते.

दोन्ही प्रकाश वेगळे करायला फार खर्च नाही. दिव्यासमोर पोलरायझिंग फिल्म लावा आणि लेन्सवर गोल पोलरायझर. पोलरायझर फिरवत चकाकी जिथे सर्वांत कमी होते तिथे एक फोटो, मग नव्वद अंश फिरवून चकाकी पूर्ण दिसते तिथे दुसरा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं हाताने ठरवून दोन्हींना तेच ठेवा. कापडाच्या आतून आलेला प्रकाश दोन्ही फोटोंत सारखाच असतो, म्हणून दुसऱ्यातून पहिला वजा केला की नुसती चकाकी उरते. पहिल्या फोटोत धातूचे रनर काळेठिक्कर पडतील. घाबरू नका, ते आपण दुसऱ्या फोटोतून घेणार आहोत. कॅमेऱ्यातली जेपीईजी मात्र वापरू नका, ती कॉन्ट्रास्ट वाढवून देते आणि वजाबाकी चुकते. रॉ फाइल सपाट, म्हणजे लिनिअर प्रोफाइलने उघडा आणि नेहमीच्या sRGB पीएनजीत साठवा.

रंग कुठून आणायचा? पडद्यावरच्या रंगपेटीतून अजिबात नाही. कापडवाल्याकडचं शेड कार्ड किंवा थानाचा हातभर तुकडा आणा, बॅगेच्या पुढच्या बाजूला त्याच कोनात, त्याच दिव्यात धरा आणि चकाकी कमी असलेल्या स्थितीत फोटो घ्या. फोटोशॉपच्या `Eyedropper`ला एका पिक्सेलवर ठेवू नका, ५१ बाय ५१ची सरासरी घ्या, कारण विणीत एक धागा उजेडात असतो आणि दुसरा सावलीत. समजा करड्या कापडाचा आकडा आला लाल १७५, हिरवा १७४, निळा १७२. नेव्हीच्या तुकड्याचा आला ३४, ४२, ७४. पुढचं काम निव्वळ गुणाकार आणि बेरीज आहे.

त्याआधी मास्क, म्हणजे रंग कुठे चढवायचा ते सांगणारं काळं-पांढरं चित्र. बॅग बनवणाऱ्याला हे मी सांगायला नको, पण कागदावर उतरवाच: कुठल्या रंगात काय बदलतं? तुमच्या बॅगेत बहुधा अंगाचं कापड बदलतं. पट्टीचं वेबिंग, पायपिंग, चेनची टेप, बकल काळंच राहतं. धागा चार रंगांत कापडाशी जुळणारा, दोनात वेगळा. म्हणजे कापडाचा एक मास्क आणि धाग्याचा एक, एवढे दोन पुरतात. ते एकदाच करायचे आणि सहाही रंगांना तेच वापरायचे. आकार सारखा राहण्याची हमी इथून येते. काळ्या पायपिंगला लागून असलेल्या कडेवर कापडाचा मास्क दोन पिक्सेल काळ्यावर जाऊ दिलात तरी चालतं. काळ्याला कशानेही गुणलं तरी ते काळंच राहतं, आणि कडेला करडी रेघ उरत नाही. बॅगेच्या बाहेरच्या कडेवर ही सवलत नाही, तिथे पेन टूलने नीट फिरा.

मी हे पायथनमध्ये करते, कारण मग सहा रंगांना माझा हात सहा प्रकारे चालत नाही:

```python
import cv2, numpy as np

def lin(p):
    return (cv2.imread(p).astype(np.float32) / 255) ** 2.2

cross, para = lin("cross.png"), lin("para.png")
mask = cv2.imread("body.png", 0).astype(np.float32)[..., None] / 255
src = (np.array([172, 174, 175]) / 255) ** 2.2
dst = (np.array([74, 42, 34]) / 255) ** 2.2

sheen = np.clip(para - cross, 0, 1)
new = cross * (dst / src) + sheen
out = mask * new + (1 - mask) * para
out = np.clip(out, 0, 1) ** (1 / 2.2)
cv2.imwrite("navy.png", (out * 255).round().astype(np.uint8))
```

`cross.png` हा चकाकी नसलेला फोटो, `para.png` चकाकीसहितचा, `body.png` कापडाचा मास्क. रंगाचे आकडे उलटे दिसतील, निळा, हिरवा, लाल असे, कारण ओपनसीव्ही तसंच वाचतं. इथे गल्लत झाली तर नेव्हीची तपकिरी बॅग तयार होते, आणि ती इतकी छान दिसते की चूक लक्षातही येत नाही. २.२चा घात का, असा प्रश्न पडेल. नुसता गुणाकार असता तर तो गरजेचा नव्हता, पण चकाकीची बेरीज खऱ्या प्रकाशाच्या मापातच करावी लागते, आणि फाइलमधले आकडे त्या मापात नसतात.

बेरजेने किती फरक पडतो तो एका बिंदूवर दाखवते. बॅगेच्या खांद्यावर चकाकीसहितच्या फोटोत लाल रंगाचा आकडा १९५ आहे, चकाकीशिवाय १७५. सरसकट गुणाकार केला तर नेव्हीत तो बिंदू ३८ होतो, म्हणजे आजूबाजूच्या ३४पासून ओळखूही येत नाही. वर दिलेल्या पद्धतीने तोच बिंदू १००च्या आसपास जातो. फिक्या कापडावर जी चमक जेमतेम जाणवते तीच गडद कापडावर ठसठशीत दिसते, आणि खऱ्या नेव्ही बॅगेत ती तशीच दिसते. म्हणून नेव्ही, काळा, मरून या रंगांना दोन फोटोंची पद्धत लागतेच. मोहरी किंवा फिक्या ऑलिव्हला एका फोटोवरून साधा गुणाकार केलात तरी चालून जातं.

धाग्यासाठी हेच पुन्हा चालवायचं. फक्त मास्क धाग्याचा, `src` फिक्या निळ्या धाग्याचा, `dst` नारिंगी रिळाचा. `para`च्या जागी नुकतीच तयार झालेली नेव्ही फाइल आणून बसवू नका, चकाकीची वजाबाकी बिघडेल. धाग्याचं चित्र वेगळ्या नावाने काढा, नाहीतर ते `navy.png`वरच लिहिलं जाईल, आणि फोटोशॉपमध्ये धाग्याच्या मास्कसकट वर ठेवा.

मोहरीत एक गोष्ट आकड्यांनी नीट येत नाही. खोल सुरकुतीत प्रकाश पिवळ्या कापडावरून पिवळ्या कापडावर आपटतो, दोनदा रंग घेतो, म्हणून खऱ्या बॅगेत सुरकुतीचा तळ जास्त गडद नारिंगीकडे झुकलेला दिसतो. करड्या नमुन्यात हा परिणाम नसतो, त्यामुळे आपल्या चित्रात सुरकुत्या मातकट, किंचित हिरवट वाटतात. फक्त सावलीच्या भागावर `Saturation` थोडं वाढवा. किती, ते कापडाचा तुकडा मुठीत चुरगळून त्याच दिव्याखाली धरा आणि शेजारी पडद्यावर बघून ठरवा.

आता तुमच्या एआयचं काम. सहाही बॅगा अशा तयार झाल्या की पार्श्वभूमी खुशाल जनरेट करा, मरीन ड्राइव्हचा कठडा हवा तर तो घ्या. पट्ट्या-बकलांसकट अख्ख्या बॅगेचा मास्क करा आणि तो उलटा करून बाहेरचाच भाग रंगवायला द्या. पण लक्षात ठेवा, मास्कबाहेर ‘काही बदलणार नाही’ असं टूल म्हणत असलं तरी बऱ्याचदा अख्खं चित्र त्या खणांतून जाऊन येतं आणि बॅगेची शिलाई तिथेही पुसट होते. म्हणून चित्र आलं की शेवटी मूळ बॅग, पूर्ण आकाराची, पुन्हा वर चिकटवायची. ही पायरी कधीच गाळायची नाही. ‘बॅग लाल कर, बाकी तसंच ठेव’ अशी आज्ञा घेणाऱ्या टूलनाही हेच लागू. तीही बहुधा संपूर्ण चित्र नव्याने काढतात. माझा अनुभव असा की आधी लोगोतली अक्षरं आणि रनरची गाठ बिघडते, मग शिलाई. त्यांच्या चित्राचा उपयोग मी फक्त ‘हा रंग या बॅगेला शोभेल का’ हे ग्राहकाला दाखवण्यापुरता करते.

बॅग पाठीवर घेतलेली मुलगी हवी असेल तर अडचण जरा मोठी आहे. तिथे बॅगेचा कोन बदलतो, पट्टा ताणला जातो, आणि समोरून काढलेला फोटो त्यावर बसत नाही. मग करडी बॅग खऱ्या कोणाच्या तरी पाठीवर अडकवून त्या कोनातून फोटो काढा, रंग वरच्याच रीतीने बदला आणि हवं तर माणसाच्या भोवतीचं जग एआयने बदला. पाठीवरचं माणूस दोन फोटोंत तंतोतंत स्थिर राहत नाही, म्हणून तिथे एकाच फोटोवर भागवावं लागतं आणि गडद रंगांत चमक हाताने थोडी परत आणावी लागते. बॅग एआयने फिरवून घ्यायचा मोह टाळा. न दिसलेल्या बाजूचे टाके त्याला ठाऊक असणं शक्यच नाही.

तपासणी कशी करायची? डोळ्यांनी सहा चित्रं शेजारी ठेवून बघू नका, शेजारी ठेवलेल्या चित्रांतला फरक आपला मेंदू सोडून देतो. माझ्याही मरूनच्या वेळी तेच झालं होतं. चित्रं एकावर एक ठेवा आणि वरच्या लेयरचा डोळा पटापट चालू-बंद करा. रंग लुकलुकला पाहिजे, बॅग हलता कामा नये. एक रनर जरी सरकला असेल तर तो उडी मारून दाखवतो. पक्कं हवं असेल तर कडा काढून वजा करा:

```
magick navy.png -colorspace Gray -normalize -canny 0x1+10%+30% n.png
magick mustard.png -colorspace Gray -normalize -canny 0x1+10%+30% m.png
magick n.png m.png -compose difference -composite d.png
```

`d.png` पूर्ण काळं येणार नाही, कारण एका रंगात जी कड ठळक असते ती दुसऱ्यात पुसट असू शकते. बघायचं वेगळंच आहे. सुट्या, तुटक रेघा दिसल्या तर ठीक. शेजारी-शेजारी धावणाऱ्या जुळ्या रेघा दिसल्या तर आकार सरकलाय, कुठेतरी जनरेट केलेलं चित्र मध्ये घुसलंय. त्यानंतर पट्ट्याच्या मुळाशी असलेल्या चौकोनाच्या एका बाजूचे टाके सहाही चित्रांत मोजा. करड्यात सात असतील तर सहाही ठिकाणी सातच हवेत. हे मोजणं मी कारखान्यातल्या मास्टरकडून करून घेते. त्याला ते चित्र दिसतच नाही, शिलाईच दिसते.

२०२०च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रेत्याकडून हमी घ्यायची असते, की दिलेली चित्रं आणि वर्णन मालाशी जुळतं. म्हणून प्रत्येक रंगाचं पहिलं थान आलं की त्यातली एक बॅग शिवून त्याच दिव्याखाली ठेवा आणि पडद्यावरच्या चित्राशी पडताळा. रंग जरा सरकला असेल तर `dst`चे तीन आकडे बदला, स्क्रिप्ट पुन्हा चालवा, काम मिनिटाचं आहे.

एका कापडाला मात्र यातलं काहीही चालत नाही. ज्यात वेगवेगळ्या रंगांचे तंतू किंवा धागे मिसळलेले असतात, ते मेलांज. तुमच्या यादीत ‘ग्रे मेलांज’ असेल तर त्यात जागोजागी रंग वेगळा, आणि साध्या करड्या फोटोत ती माहिती नसतेच. त्या एका रंगाची बॅग शिवा, दुपारच्या आत गाळ्यावर पाठवा, आणि फोम भरायला विसरू नका.